‘ते त्यात ओतावे’: सर्वनामाच्या जागी नाम कुठे घालावे आणि कुठे नाही

प्रश्न: मी एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी माहितीपत्रके लिहिते. तपासायला दिलेला मजकूर परत येतो तेव्हा समासात ‘हे म्हणजे काय?’, ‘कशात?’ असे शेरे असतात. बोर्डो मिश्रण या फवारायच्या बुरशीनाशकाच्या कृतीचा एक उतारा सोबत जोडला आहे. सगळीकडे नाम लिहिले तर तेच तेच शब्द येतात आणि वाचायला बोजड होते. मग नेमके काय करायचे?

उत्तर: तुमचा उतारा आधी जसाच्या तसा समोर ठेवतो.

> १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवावे. दुसऱ्या भांड्यात १ किलो कळीचा चुना भिजवून ते ५० लिटर करावे व गाळून घ्यावे. थंड झाल्यावर ते त्यात हळूहळू ओतावे व ढवळत राहावे. हे तयार झाल्यावर त्यात लोखंडी विळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर आल्यास त्यात आणखी ते घालावे. हे त्याच दिवशी वापरावे. यासाठी धातूचे भांडे वापरू नये. यामुळे पिकावर विपरीत परिणाम होतो.

ज्या बागायतदाराने बोर्डो मिश्रण अनेकदा केले आहे, त्याला हा उतारा वाचताना कुठेच अडखळायला होणार नाही. कारण तो उतारा वाचतच नाही, स्वतःला आधीपासून ठाऊक असलेली कृती आठवतो. तुमचेही लिहिताना असेच होते. मोरचूद, चुना, दोन पिंपे असे सगळे चित्र तुमच्या डोळ्यांसमोर असते, त्यामुळे ‘ते’ म्हणताना तुमचे मनातले बोट बरोबर वस्तूकडे वळलेले असते. वाचणाऱ्याला ते बोट दिसत नाही. पहिल्यांदा मिश्रण करणारा माणूस ‘थंड झाल्यावर ते त्यात ओतावे’ इथे थांबतो आणि शेजाऱ्याला विचारतो. शेजारी घरी नसला की अंदाजाने काहीतरी ओततो.

आधी एक व्याकरणाची बाजू सांगतो, कारण मराठीत गोंधळ कुठे होतो ते तिच्यावरून ओळखता येते. मराठीत तीन लिंगे आहेत, म्हणून तो, ती, ते यांनी निदान काही वस्तू आपोआप वेगळ्या व्हायला हव्यात. पण तुमच्या उताऱ्यात कोणत्या वस्तू आहेत ते पाहा. पाणी, भांडे, आणि नाव न घेताच आलेली द्रावण व मिश्रण, ही सगळी नपुंसकलिंगी. ‘ते’ म्हटले की यातले काहीही चालते. शिवाय विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये लागली की पुल्लिंग आणि नपुंसकलिंग एकच होऊन जातात. चुना ‘तो’ आणि द्रावण ‘ते’, पण ‘त्यात’, ‘त्यावर’, ‘त्याला’ म्हटल्यावर चुना आणि द्रावण यांत काही फरक उरत नाही. फक्त स्त्रीलिंगी नाम ‘तिच्यात’ किंवा ‘तिला’ म्हणून वेगळे ओळखू येते.

बोलण्यात आपण ‘ते पान पडलं’ आणि ‘ते आंबे पडले’ असा फरक कानाने करतो. प्रमाण लेखनात दोन्हीकडे ‘पडले’ होते आणि एवढाही आधार जातो. म्हणून तोंडी सांगताना ज्या वाक्याने कोणाचा गोंधळ होत नाही, तेच वाक्य कागदावर उतरले की धूसर होते. तोंडी सांगताना तुम्ही हातानेही दाखवत असता, हे वेगळेच.

आता एकेक वाक्य घेऊ.

‘१ किलो कळीचा चुना भिजवून ते ५० लिटर करावे.’ चुना पुल्लिंगी, म्हणून ‘ते’ म्हणजे चुना नव्हे. मग काय? चुना भिजल्यावर जे तयार झाले ते, पण त्या वस्तूला तुम्ही अजून नावच दिलेले नाही. अशी सर्वनामे खूप सापडतात. ज्याच्याकडे बोट दाखवायचे ते नाम आधी कुठे आलेलेच नसते. इथे आणखी एक घोटाळा सर्वनामाच्या आड लपला आहे. ५० लिटर पाणी घालायचे, की पाणी घालून एकूण ५० लिटर करायचे? ‘चुन्याच्या द्रावणात पाणी घालून एकूण ५० लिटर करावे’ असे लिहायला बसलात की ‘एकूण’ हा शब्द आपोआप सुचतो. ‘ते ५० लिटर करावे’ लिहिताना तो सुचत नाही.

‘व गाळून घ्यावे’ आणि ‘थंड झाल्यावर’ इथे तर सर्वनामही नाही. मराठीत कर्ता किंवा कर्म सरळ गाळता येते आणि गाळलेले नाम शोधून सापडत नाही, म्हणून तपासताना सर्वात जास्त हेच निसटते. काय गाळायचे? चुन्याचे द्रावण, कारण चुन्यातले खडे फवारणीच्या पंपाच्या नोझलमध्ये अडकतात. काय थंड होऊ द्यायचे? पुन्हा चुन्याचे द्रावण, कारण कळीचा चुना भिजताना बरीच उष्णता बाहेर पडते. मोरचूद गरम पाण्यात लवकर विरघळते म्हणून काही जण गरम पाणी घेतात. तसे केले असेल तर मोरचुदाचे द्रावणही थंड व्हायला हवे. म्हणजे बरोबर वाक्य ‘दोन्ही द्रावणे पूर्ण थंड झाल्यावर’ असे आहे. हा निर्णय तुमचा आहे, वाचकावर सोपवण्याचा नाही.

‘ते त्यात हळूहळू ओतावे.’ उताऱ्यातले सर्वात महागडे वाक्य हे. दोन भांडी आहेत, दोन्हींत नपुंसकलिंगी वस्तू आहे, म्हणून वाक्याचे दोन उलटसुलट अर्थ होतात आणि व्याकरण दोघांनाही मान्यता देते. पारंपरिक शिफारस अशी आहे की मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या द्रावणात ओतावे, किंवा दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतावीत. चुन्याचे द्रावण मोरचुदाच्या द्रावणात ओतले तर मिश्रण फाटल्यासारखे होते, कण जाड होतात, खाली बसतात आणि औषधाचा गुण कमी होतो. वाचक आळशी नाही, त्याने सूचना अक्षरशः पाळली, तरी फवारणी वाया जाऊ शकते. इथे ‘मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या द्रावणात ओतावे’ याला पर्याय नाही. ‘द्रावण’ दोनदा आले, येऊ दे. मी तर पुढे ‘उलट करू नये’ एवढ्यावरही थांबणार नाही. ‘चुन्याचे द्रावण मोरचुदाच्या द्रावणात ओतू नये’ असे पूर्ण लिहीन. ‘उलट’ हासुद्धा सर्वनामाचाच भाऊ आहे, आधीचे वाक्य नीट लक्षात असेल तरच कळणारा.

‘त्यावर तांबूस थर आल्यास त्यात आणखी ते घालावे.’ एका वाक्यात तीन बोटे, तीन दिशांना. ‘त्यावर’ म्हणजे विळ्यावर की मिश्रणाच्या पृष्ठभागावर? ‘त्यात’ म्हणजे मिश्रणात, एवढे कळते. पण ‘ते’ म्हणजे? चाचणीमागचे कारण पाहिले की उत्तर मिळते. मिश्रणात मोरचुदातले मोकळे तांबे शिल्लक असेल तर लोखंडाच्या पात्यावर तांब्याचा थर चढतो. असे मिश्रण फवारले की पाने करपतात. मोकळे तांबे संपवायला चुना वाढवायचा असतो. आता एखाद्याने ‘ते’ म्हणजे मोरचूद समजून आणखी मोरचूद घातले तर नेमके उलटे होईल. आणि तुम्ही घाईत ‘आणखी चुना घालावा’ अशी दुरुस्ती केलीत तरी वाक्य अर्धेच सुधारेल, कारण कोणी कोरडी कळीच मिश्रणात टाकेल. हवे ते नाम ‘चुन्याचे द्रावण’ असे पूर्ण आहे. नाम घालणे म्हणजे जवळपासचे कोणतेही नाम घालणे नव्हे. वस्तू त्या क्षणी ज्या रूपात हातात असते, त्या रूपाचे नाव घालायचे.

या वाक्यावरून आणखी एक गोष्ट सुचेल. जादा चुन्याचे द्रावण लागणार असेल तर ते आधीच वेगळे करून ठेवायला हवे. उताऱ्यात तशी सूचनाच नाही. ‘ते’च्या जागी खरे नाम ठेवल्याशिवाय ही उणीव दिसत नव्हती.

शेवटची दोन वाक्ये मला सर्वात जास्त बोलकी वाटतात. ‘यासाठी धातूचे भांडे वापरू नये. यामुळे पिकावर विपरीत परिणाम होतो.’ यामुळे म्हणजे कशामुळे? वाक्यरचनेप्रमाणे धातूचे भांडे न वापरल्यामुळे! तुम्हाला तसे म्हणायचे नाही हे उघड आहे. पण मग काय म्हणायचे आहे? धातूचे भांडे वापरल्यामुळे? की त्याच दिवशी न फवारल्यामुळे? माझा अंदाज असा की हे वाक्य लिहिताना तुमच्याही मनात नक्की कारण नव्हते. इशाऱ्यानंतर काहीतरी कारण यावे, म्हणून ‘यामुळे… विपरीत परिणाम’ आले. संपादनाच्या कामात मला असे फार दिसते, आणि सगळ्यात जास्त ‘यामुळे’, ‘त्यामुळे’, ‘याबाबत’, ‘या दृष्टीने’ या चार ठिकाणी. अशा जागी नाम घालायला गेले की नाम सापडतच नाही. तेव्हा भाषा सुधारायची नसते, माहिती मिळवायची असते. उचला फोन, विचारा तुमच्या कृषितज्ज्ञांना.

ते सांगतील की दोन कारणे वेगवेगळी आहेत. मोरचुदाच्या द्रावणाची लोखंडाशी आणि जस्ताच्या पत्र्याशी क्रिया होते, भांडे झिजते आणि द्रावणातले तांबे भांड्यावर बसून वाया जाते, म्हणून प्लॅस्टिकचे, लाकडी किंवा मातीचे भांडे घ्यायचे. आणि शिळ्या मिश्रणातले कण मोठे होतात, पानाला नीट चिकटत नाहीत, म्हणून मिश्रण केले त्या दिवशीच संपवायचे. एका ‘यामुळे’त दोन कारणे कोंबली होती, आणि दोन्हींतले एकही धडपणे सांगितले नव्हते. भांड्याची सूचना शेवटी येणे हीही चूकच. तोवर वाचकाने लोखंडी पिंपात मोरचूद टाकलेले असते. पण तो क्रमाचा विषय झाला.

दुरुस्त उतारा मी असा करीन:

> मोरचुदाचे द्रावण करण्यासाठी प्लॅस्टिकचे, लाकडी किंवा मातीचे भांडे घ्यावे. लोखंडी किंवा जस्ताच्या पत्र्याचे भांडे घेऊ नये, मोरचुदाने ते झिजते. या भांड्यात १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवावे. दुसऱ्या भांड्यात १ किलो कळीचा चुना थोड्या पाण्यात भिजवावा, मग पाणी घालून चुन्याचे द्रावण एकूण ५० लिटर करावे आणि कापडातून गाळावे. याशिवाय थोडे चुन्याचे द्रावण वेगळे तयार करून बाजूला ठेवावे. दोन्ही द्रावणे पूर्ण थंड झाल्यावर मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या द्रावणात हळूहळू ओतावे आणि ओतताना मिश्रण सतत ढवळावे. चुन्याचे द्रावण मोरचुदाच्या द्रावणात ओतू नये. तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी विळा थोडा वेळ बुडवून पाहावा. विळ्याच्या पात्यावर तांबूस थर आला, तर बाजूला ठेवलेले चुन्याचे द्रावण मिश्रणात थोडे थोडे घालावे आणि पाते पुसून पुन्हा तपासावे. पात्यावर थर येणे थांबले की मिश्रण फवारणीस योग्य झाले. मिश्रण त्याच दिवशी फवारून संपवावे. ठेवून दिलेले मिश्रण पानांना नीट चिकटत नाही.

या उताऱ्यात सर्वनामे पूर्ण गेली नाहीत, हे पाहा. ‘मोरचुदाने ते झिजते’ इथे ‘ते’ राहिले आहे. त्याच वाक्यात आधी ‘भांडे’ आहे आणि झिजण्यासारखी दुसरी वस्तूच नाही. ‘या भांड्यात’ इथे ‘या’ ठेवला, पण पुढे नाम जोडले. ही मधली वाट मला सर्वात उपयोगी वाटते. नुसते ‘हे’ न लिहिता ‘हे मिश्रण’, नुसते ‘यात’ न लिहिता ‘या द्रावणात’. बोट दाखवायचे आणि वस्तूचे नावही घ्यायचे. मात्र तुमच्या उताऱ्यात दोन द्रावणे आहेत, म्हणून एकदा दोन्ही तयार झाल्यावर ‘या द्रावणात’ही अपुरे पडते. तिथे ‘चुन्याच्या द्रावणात’च हवे.

मागे आलेल्या पूर्ण वाक्याकडे बोट दाखवायचे असते तेव्हाही असेच नाम जोडायचे, पण नाम वजनदार हवे. ‘विक्रेत्याने खताची पोती दोन आठवडे उशिरा पाठवली. यामुळे नुकसान झाले’ याऐवजी ‘या उशिरामुळे’. ‘उशीर’ म्हटल्यावर पोत्यांमुळे नुकसान झाले की उशिरामुळे हा प्रश्न राहत नाही. याउलट ‘ही बाब’, ‘ही गोष्ट’, ‘ही प्रक्रिया’, ‘सदर विषय’ ही पोकळ नामे आहेत. ती जोडून वाक्य लांब होते आणि अर्थ होता तिथेच राहतो. ‘सदर’, ‘उक्त’, ‘उपरोक्त’ यांनी कागद सरकारी दिसतो एवढेच. ‘सदर द्रावण’ लिहून कोणते द्रावण ते कळत नाही.

आता तुमच्या बोजडपणाच्या शंकेकडे येतो. शाळेत आपल्याला निबंधात शब्दांची पुनरुक्ती टाळायला शिकवतात, आणि ललित लेखनात ते ठीकच आहे. पण माहितीपत्रक कोणी सलग वाचत नाही. पिंपाशी उभा राहून, ओल्या हाताने, मोबाइलवरचा फोटो मोठा करून तो माणूस फक्त पुढची पायरी शोधत असतो. ज्या वाक्यावर नजर पडेल त्याच वाक्यात त्याला वस्तूचे नाव सापडले पाहिजे. ‘मोरचुदाचे द्रावण’ तिसऱ्यांदा आले म्हणून तो कंटाळत नाही. त्याला तर हायसेच वाटते.

पुनरुक्ती टाळण्याच्या नादात होणारी दुसरी चूक जास्त धोक्याची आहे. ‘मोरचुदाचे द्रावण’ एकदा, मग ‘कॉपर सल्फेटचे पाणी’, मग ‘निळे द्रावण’. शब्द बदलत राहिले की वाचकाला वाटते वस्तूही बदलली. एका वस्तूला एकच नाव, शेवटपर्यंत. नाव फार लांब वाटत असेल तर सुरुवातीलाच आखूड नाव ठरवून घ्या आणि तेच पाळा. इथे ‘निळे द्रावण’ आणि ‘पांढरे द्रावण’ ही जोडी चांगली आहे, कारण मोरचुदाचे द्रावण निळे आणि चुन्याचे पांढरे असते आणि रंग डोळ्यांना दिसतो. ‘द्रावण अ’ आणि ‘द्रावण ब’ मात्र नको, कोणते अ ते पाहायला वर जावे लागते. आणि एकाच वाक्यात तेच नाम तीनदा येऊ लागले, तर दोष नामाचा नसतो, वाक्यात कृती जास्त झालेल्या असतात. वाक्य तोडा.

सर्वनाम कुठे निर्धास्त ठेवावे? जिथे उमेदवार एकच आहे तिथे. ‘जे… ते’ अशा जोडवाक्यात, कारण ‘जे’ने ‘ते’ बांधलेले असते. आणि माणसांबद्दल लिहिताना ‘आपला’ किंवा ‘स्वतःचा’ वापरता येतो तिथे. ‘शेतकऱ्याने विक्रेत्याला आपली पावती दाखवली’ यात पावती शेतकऱ्याची हे स्पष्ट आहे. ‘त्याची पावती’ म्हटले की वाद. आदरार्थी बहुवचनात मात्र जपून राहा. ‘अध्यक्षांनी सचिवांना कळवले की त्यांनी सही केलेली नाही’ हे वाक्य इतिवृत्तात गेले तर सही कोणाची राहिली यावर पुढची सभा खर्ची पडेल. तिथे पदनाम पुन्हा लिहायचे.

तपासण्याची माझी रीत साधी आहे. मजकूर छापून लाल पेनने प्रत्येक हे, ते, यात, त्यात, त्यावर, यामुळे, त्यामुळे यांना गोल करतो. प्रत्येक गोलासाठी मागची दोन वाक्ये पाहतो आणि त्या रूपात बसतील अशी नामे मोजतो. एकच बसले तर पुढे जातो. दोन बसली तर नाम लिहितो. एकही बसले नाही तर लेखकाला फोन करतो. संगणकावर शोधायचे असेल तर शब्दाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा देऊन शोधा. नाही तर ‘ते’ शोधताना ‘होते’, ‘करते’ आणि ‘यात’ शोधताना ‘पाण्यात’, ‘भांड्यात’ असा ढीग पुढ्यात येतो. गाळलेले कर्म मात्र संगणकाला सापडणार नाही. त्यासाठी प्रत्येक क्रियापदाला ‘काय?’ आणि ‘कशात?’ विचारावे लागते, म्हणजे तुमचे तपासनीस समासात जे करत आहेत तेच.

शेवटची चाचणी माणसावर करा, पण त्याला ‘समजले का?’ असे विचारू नका. सगळे ‘हो’ म्हणतात. बोर्डो मिश्रण कधी न केलेल्या कोणालाही, कार्यालयातल्या हिशेबनीसाला चालेल, उतारा द्या. समोर दोन रिकाम्या बादल्या ठेवा, एकीवर ‘मोरचूद’ आणि दुसरीवर ‘चुना’ अशी चिठ्ठी लावा आणि म्हणा, ‘वाचत वाचत करून दाखवा.’ कोणती बादली उचलताना त्यांचा हात अडतो ते पाहा, आणि त्या वाक्यात नाम लिहा.